लोणारचा ‘त्रिवेणी संगम’ आता थांबवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोणार सरोवर आमच्या शेजारच्या तालुक्यात. त्यामुळे पर्यटन पुरवणीत त्याच्यावर काही आलं की मी आवर्जून वाचतो. लेखक निराळे असतात, पण एका धाटणीचं वाक्य ठरलेलं असतं : ‘लोणार म्हणजे इतिहास, विज्ञान आणि अध्यात्म यांचा त्रिवेणी संगम.’ शेवटचा परिच्छेदही ‘एकंदरीत पाहता’ असाच सुरू होतो. या दोन सवयींबद्दल हे पत्र आहे.

त्या वाक्यातलं ‘लोणार’ काढून ‘वेरूळ’ घातलं तरी वाक्य तसंच उभं राहतं. तीन शब्दांचा क्रम बदलला तरी कुठे काही बिघडत नाही. जे वाक्य असं कुठेही बसतं, ते त्या जागेबद्दल काही सांगत नसतं. दोन गोष्टी लिहिल्यावर कानाला अपुरं वाटतं, तिसरी जोडली की ताल पुरा होतो. म्हणून पुष्कळदा तिसरा शब्द तालासाठी येतो. मोठं नुकसान पुढचं आहे. एका ओळीत मांडलेल्या तिन्ही गोष्टी सारख्याच वजनाच्या दिसतात आणि त्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे सांगायची जबाबदारी लेखकावरून उतरते.

लोणारला तर सगळी गंमत त्या संबंधातच आहे. उल्केच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. त्यात आलेल्या पाण्याला बाहेर वाहून जायला वाट नाही. ते जातं ते वाफ होऊन, आणि क्षार मागे राहतात. म्हणून सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी. काठावर गोमुखाची धार मात्र गोड्या पाण्याची. भाविक तिथे स्नान करतात आणि तेच पाणी उतरून खाली खाऱ्या पाण्याला मिळतं. 2020 च्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा तो रंग मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचं दिसलं.

‘विज्ञान’ आणि ‘अध्यात्म’ असे दोन कप्पे केले असते तर धारेचं पाणी एका कप्प्यात गेलं असतं आणि सरोवराचं दुसऱ्यात. ते एकच पाणी आहे, हे वाचकाला कळलंच नसतं. यादी सैल करायची माझी रीत हीच : प्रत्येक शब्दापाशी थांबून ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारायचं. उत्तर आलं की त्याचं वेगळं वाक्य करायचं आणि ते आधीच्या वाक्याला ‘म्हणून’, ‘पण’, ‘त्यामुळे’ यांनी जोडता येतं का पाहायचं. ज्या शब्दापाशी उत्तरच येत नाही, तो काढून टाकायचा. कधी एकच गोष्ट उरते. मग तिलाच दोन परिच्छेद द्यावेत.

तीनच्या आकड्याशी माझं भांडण नाही. अन्न, वस्त्र, निवारा यांत कोणताही शब्द भरतीचा नाही, एक काढला तर गरज उघडी पडते.

आता ‘एकंदरीत’बद्दल. शाळेत निबंधाला प्रस्तावना आणि समारोप लागतो असं शिकवतात, आणि ते वळण आयुष्यभर जात नाही. भाषणात शेवटी उजळणी करणं योग्यच, कारण श्रोत्याला मागे जाता येत नाही. वाचकाच्या हातात मात्र पान असतं. चार-पाचशे शब्दांच्या लेखात वर सांगितलेलं खाली पुन्हा सांगितलं की त्याला वाटतं, आपण नीट वाचलं नाही असं लेखकाने गृहीत धरलं आहे. ‘हा ठेवा जपणे ही काळाची गरज आहे’ हे वाक्य तर कोणत्याही वास्तूला, नदीला किंवा बोलीला लावता येतं.

तपासायचं कसं, ते सोपं आहे. शेवटचा परिच्छेद हाताने झाकून लेख वाचावा. वाचकाच्या हातून एकही माहिती निसटत नसेल, तर तो परिच्छेद नकोच. तो काढल्यावर शेवट कधी जरा तुटक वाटतो. अशा वेळी घाईने नवा समारोप जोडू नये. लेखातली एखादी ठोस गोष्ट शेवटासाठी राखून ठेवावी. लोणारच्या लेखात 2020 च्याच नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या पाणथळ स्थळाचा दर्जा जाहीर झाल्याची माहिती बहुधा पहिल्या परिच्छेदात, बिरुदांच्या गर्दीत असते. गुलाबी रंगाची हकिकत सांगून झाल्यावर ती आली तर वाचकाला तिचा अर्थ लागतो, आणि लेख तिथे थांबू शकतो.

आपल्याला एक विनंती. पुरवणीसाठी मजकूर मागवताना आपण शब्दमर्यादा छापता. तिच्याखाली आणखी एक ओळ छापावी : ‘समारोपाचा परिच्छेद नसला तरी चालेल.’ नव्याने लिहिणारे पुष्कळ जण केवळ संपादकांना तो हवा असेल या समजुतीने लिहितात.

आपला,
एक नियमित वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)