पिढीची रेघ १९९६ वरच का?

महोदय,

माझा थोरला डिसेंबर १९९६ चा, धाकटी मार्च १९९८ ची. एकाच खोलीत वाढली, एकाच मोबाइलसाठी भांडली. तरी प्रचलित व्याख्येनुसार तो ‘मिलेनियल’, ती ‘जेन झी’!

१९९६ ची ही रेघ अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरची. त्यांचं एक कारण असं, की त्यानंतर जन्मलेल्या बहुतेकांना ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला आठवत नाही. आठवण अमेरिकेची, ती रेघ आपल्या मुलांवर कशाला ओढायची?

समाजशास्त्रज्ञ कार्ल मॅनहाइम यांनी १९२८ मध्येच सांगितलं होतं, की एका काळात जन्मल्याने पिढी घडत नाही. कोवळ्या वयात एकाच समाजातल्या उलथापालथीत सापडावं लागतं. १८०० च्या सुमारास प्रशियातल्या शहरी तरुणांना ती झळ लागली, दूरच्या खेड्यांतल्या त्यांच्याच वयाच्या शेतकऱ्यांना नाही. म्हणून मॅनहाइम त्यांना एका पिढीत धरत नाहीत. वय आणि अनुभव हळूहळू सरकतात, ३१ डिसेंबरला तुटत नाहीत.

प्यूनेही २०२३ मध्ये ही लेबलं जपून वापरायचं ठरवलं. आपल्या वृत्तपत्राने निदान जन्मवर्षांसोबत ती कुठल्या देशाच्या हिशेबाने आहेत, हे छापावं.

– एक पालक, सातारा