मुद्रांक शुल्क कमी केले म्हणून महसूल वाढला, असे म्हणण्यापूर्वी

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मुद्रांक शुल्कात सवलत द्यावी, अशी मागणी बांधकाम क्षेत्रातून अधूनमधून होत असते. तिच्यासोबत 2020 चा दाखला हमखास येतो. त्या वर्षी 1 सप्टेंबरपासून मुंबईतला दर 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणला आणि जानेवारी ते मार्च 2021 मध्ये तो 3 टक्के ठेवला. डिसेंबर 2020 मध्ये मुंबईत 19 हजारांहून जास्त घरांची नोंदणी झाली, आदल्या डिसेंबरच्या सुमारे तिप्पट. दर उतरवला की तिजोरी भरते, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. दस्त तयार करणे हाच माझा व्यवसाय आहे. तो निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, म्हणून हे पत्र.

मूळ कल्पना खोटी नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आर्थर लाफर यांच्या नावाने ती ओळखली जाते. कराचा दर शून्य असेल तर महसूल शून्य, आणि दर शंभर टक्के असेल तर कुणी कमावणारच नाही, म्हणून तेव्हाही शून्य. अधेमधे कुठेतरी महसूल सर्वाधिक देणारा दर असतो. त्याच्या वर गेलेल्या सरकारने दर कमी केला, तर महसूल वाढतो. आपल्याच देशात 1973-74 साली प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह 97.75 टक्के होता. वरच्या टप्प्यातल्या 100 रुपयांतले सव्वादोन रुपये हाती उरत. पुढच्या वर्षी दर 77 टक्के झाला आणि हाती 23 रुपये उरू लागले, म्हणजे दहापट. तिथे माणसाचे वागणे बदलायला खरोखर कारण होते.

मुद्रांक शुल्काचे तसे नाही. एक कोटीचे घर शुल्क धरून 1 कोटी 5 लाखांना पडायचे, ते 1 कोटी 2 लाखांना पडू लागले. ग्राहकाचा एकूण खर्च 3 टक्क्यांहूनही कमी उतरला, पण सरकारचा वाटा 60 टक्क्यांनी घटला. ही तूट भरून निघायची तर घरांची विक्री अडीचपट व्हायला हवी, आणि तीही एखादा महिना नव्हे, कायमची. 5 टक्के हाच महसुलाचा माथा मानायचा असेल, तर खर्च 1 टक्का वाढताच विक्री जवळपास 21 टक्क्यांनी कोसळली पाहिजे. घर घेणारे कुटुंब इतके बिथरत नाही.

मग डिसेंबरातली गर्दी कुठून आली? थोडी टाळेबंदीत अडकलेल्या व्यवहारांची होती. मोठा भाग, माझ्या मते, मुदतीचा होता. 31 तारखेनंतर दर वाढणार हे ठाऊक असल्यावर पुढच्या वर्षी घेणाराही आत्ताच घेतो. समजा एरवी 100 घरे विकली जातात आणि सवलतीत 150 विकली गेली. जास्तीच्या 50 पैकी 40 घरे पुढच्या महिन्यांतून ओढून आणलेली, 10 खरोखर नवी. प्रत्येक घर एक कोटीचे धरा. सवलत नसती तर 140 घरांवर, आज ना उद्या, 7 कोटी मिळाले असते. सवलतीत 150 घरांचे 3 कोटी मिळाले. नोंदणीचा आलेख मात्र दीडपट दिसतो.

त्यातही एक गफलत आहे. मुद्रांक भरून दस्त निष्पादित केला की नोंदणीला चार महिने मिळतात. डिसेंबरअखेर शुल्क भरून पुढे सवडीने दुय्यम निबंधकांसमोर उभे राहिलेले पुष्कळ होते. एप्रिल 2021 च्या नोंदणीतही मार्चचे शुल्क भरलेले दस्त होतेच. सवलत संपल्यावरही बाजार तेजीत राहिला असे नोंदणीच्या तारखांवरून वाटते, ते यामुळे.

याचा अर्थ दर वाढवत न्यावेत असा अजिबात नाही. मुंबई, पुण्यात मेट्रोचा 1 टक्का अधिभार घेऊनही आपण त्या माथ्याच्या बरेच अलीकडे असू. पण तिथवर पोचणे हे सरकारचे ध्येय असू नये. नोकरीसाठी घर बदलणाऱ्या कुटुंबावर हा भार पडतो, आणि तेवढे एक कारण दर मर्यादित ठेवायला पुरेसे आहे. मंदीत बांधकामाला हात द्यायचा असेल तर तोही जरूर द्यावा. फक्त त्याला खर्च म्हणावे आणि अंदाजपत्रकात त्याचा आकडा दाखवावा.

माझी विनंती एवढीच. पुण्यातल्या नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक कार्यालयाकडे ऑनलाइन चलनांची नोंद आहे. ऑगस्ट 2019 ते मार्च 2022 या काळातले मुंबईतले शुल्क, नोंदणीच्या नव्हे तर चलन भरल्याच्या तारखेनुसार, महिनावार प्रसिद्ध करावे. सोबत त्या दस्तांचे एकूण मूल्यही द्यावे. सवलतीआधीचे आणि नंतरचे महिने शेजारी ठेवले की ओढून आणलेले व्यवहार किती ते बऱ्यापैकी कळेल. पुढची सवलत मंत्रिमंडळासमोर जाण्याआधी हा तक्ता टिपणीला जोडला जावा.

आपला,
एक दस्तलेखक, मुंबई