‘फ्री रिटर्न’ असलेल्या वस्तूच्या परताव्यातून कापलेले १२९ रुपये परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी १,४९९ रुपयांचे बूट मागवले होते. वस्तूच्या पानावर किमतीखालीच ‘७ दिवसांत फ्री रिटर्न’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि माझा खानापूरचा पिनकोड टाकल्यावरही ती ओळ तशीच राहिली. बूट पायाला घट्ट झाल्यामुळे मी मुदतीतच ‘साइज लहान’ हे कारण निवडून रिटर्न नोंदवला. पिकअपसाठी आलेल्या मुलाने खोके उघडून टॅग आणि तळवे तपासले व पावती दिली. त्या पावतीवर कसल्याही शुल्काचा उल्लेख नाही. बँक खात्यात मात्र १,३७० रुपयेच जमा झाले.

ग्राहक सेवा केंद्रातून उत्तर मिळाले की आमचा भाग ‘रिमोट’ असल्याने रिव्हर्स पिकअपचे १२९ रुपये लागतात आणि तशी अट विक्रेत्याच्या धोरणाच्या पानावर आहे. बेळगाव-गोवा रस्त्यावरचे खानापूर रिमोट कसे, हे मला कळले नाही. बूट पोहोचवताना तर याच गावासाठी एक पैसाही जादा घेतला नव्हता. पण तो वाद बाजूला ठेवला, तरी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाला स्पष्ट आणि सहज दिसेल असा सांगणे बंधनकारक आहे. पुढच्या पानावर ‘फ्री’ लिहून मागच्या पानावर शुल्क ठेवले, तर ही अट पाळली असे म्हणता येणार नाही. शिवाय खरेदी पक्की झाल्यावर जादा रक्कम उघड करण्याला २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हटले असून ते प्रतिबंधित आहे.

आणखी एक विसंगती आहे. माझ्या खात्यातील क्रेडिट नोट पूर्ण १,४९९ रुपयांची आहे. म्हणजे तुमच्याच कागदानुसार तुम्ही मला १,४९९ रुपये देणे लागता. १२९ रुपये ही वेगळ्या सेवेची किंमत असेल, तर तिचे जीएसटीसह बिल मला मिळायला हवे होते. ते मिळालेले नाही.

तरी कापलेले १२९ रुपये मूळ खात्यात जमा करावेत, अन्यथा त्या शुल्काचे बिल आणि खरेदीच्या वेळी ते मला जिथे दाखवले होते त्या पानाची प्रत पाठवावी. वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट, ऑर्डरचा मेल, पिकअपची पावती, क्रेडिट नोट आणि बँकेची नोंद सोबत जोडली आहे. नियमानुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे आपणास ठाऊक असेलच.

आपली ग्राहक,
खानापूर, जि. बेळगाव