सरासरी परतावा नको, प्रत्यक्ष वाढ सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाची बिलं खात्यावर पडू लागली की कोल्हापुरात गुंतवणुकीची व्याख्यानं सुरू होतात. राजारामपुरीतल्या अशाच एका व्याख्यानात वाटलेलं पत्रक माझ्यासमोर आहे. त्यात एका योजनेचा दरवर्षीचा परतावा एकाखाली एक दिला आहे. काही वर्षं घसघशीत नफ्याची आहेत, काही तोट्याची, आणि तळाशी जाड ठशात ‘सरासरी वार्षिक परतावा’ छापला आहे. माझ्या शेजारी फाउंड्रीतून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “म्हणजे वर्षाला एवढं धरून चालायचं न्हवं, साहेब?” वक्ते म्हणाले, “धरा की!” या ‘धरा की’बद्दलच हे पत्र लिहीत आहे, कारण त्या भरवशावर एखाद्याच्या फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम गुंतणार आहे.

त्या पत्रकातली बेरीज बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. पण निघालेला आकडा पैसे किती वाढले ते सांगत नाही. कोणालाही पडताळता येईल असं उदाहरण घेतो. २००७ च्या अखेरीस सेन्सेक्स २०,२८७ वर होता. २००८ मध्ये तो ५२.४५ टक्के पडला, २००९ मध्ये ८१.०३ टक्के चढला आणि २०१० मध्ये आणखी १७.४३ टक्के चढला. तिन्हींची सरासरी काढली तर वर्षाला १५.३ टक्के येते. या दराने १ लाखाचे तीन वर्षांत १ लाख ५३ हजार व्हायला हवेत. प्रत्यक्षात २०१० च्या अखेरीस सेन्सेक्स २०,५०९ वर होता. लाभांश सोडला, तर १ लाखाचे झाले १ लाख १ हजार १००. म्हणजे वर्षाला अर्धा टक्कासुद्धा वाढ नाही.

मधले ५२ हजार कोणी खाल्ले नाहीत, ते कधी नव्हतेच. पहिल्या वर्षी १ लाखाचे ४७,५५० झाले. पुढचे ८१ टक्के मिळाले ते या उरलेल्या रकमेवर, मूळ लाखावर नव्हे. टक्क्यांत ८१ हा आकडा ५२ पेक्षा कितीतरी मोठा दिसतो, पण रुपयांत गेले ५२,४५० आणि परत आले ३८,५००. ते नुकसान पुरतं भरून यायला ११० टक्के चढ लागला असता. सरासरी काढताना आपण वेगवेगळ्या रकमांवरचे टक्के एकाच मापाचे समजून मिळवतो, चूक तिथे होते.

सरासरीचे १५.३ टक्के खरोखर कोणाला मिळतील? जो माणूस दर १ जानेवारीला बरोबर १ लाखच लावतो त्याला. तोटा झाला तर त्याने खिशातून भर घालायची आणि नफा झाला तर तेवढा काढून घ्यायचा. निवृत्तीची रक्कम एकदा गुंतवून विसरणारा माणूस असं करत नाही. पुढच्या एकाच वर्षाचा अंदाज बांधताना सरासरी चालते, पण अनेक वर्षं साठत जाणाऱ्या पैशाला ते माप लागू पडत नाही.

आता ही तफावत किती असते? मी गणिताचा शिक्षक होतो, त्यामुळे इथे थोडं रेंगाळतो. समजा, एका योजनेने दोन्ही वर्षं १० टक्के दिले. १०० रुपयांचे १२१ होतील. दुसरीने एका वर्षी ३० टक्के दिले आणि दुसऱ्या वर्षी १० टक्के तोटा केला. सरासरी तीच १०, पण १०० चे १३० आणि १३० चे ११७ झाले. चार रुपये कमी. तोटा आधी आला असता तरी ११७ च. हे चार रुपये कुठून आले, ते शाळेतल्या सूत्रात आहे: (अ + ब)(अ − ब) = अ² − ब². इथे अ म्हणजे १.१०, आणि ब म्हणजे सरासरीपासूनचं अंतर, ०.२०. त्याचा वर्ग ०.०४, म्हणजे शंभरामागे चार रुपये. ब शून्य असेल तरच काही वजा होत नाही. त्यामुळे चढउतार असलेल्या कुठल्याही योजनेची प्रत्यक्ष वाढ सरासरीपेक्षा कमीच भरते.

वर्ग असल्यामुळे ही घट चढउताराच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढते. अंतर १० टक्के असतं तर एकच रुपया गेला असता, ३० टक्के असतं तर नऊ. चार रुपये दोन वर्षांत गेले म्हणून वर्षाला दोन. यावरून ठोकताळा असा: परतावा सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन; सरासरीतून त्याच्या वर्गाचा निम्मा भाग वजा करा, वार्षिक वाढ जवळपास तेवढी येते. सरासरी १२ आणि विचलन २० टक्के असेल तर साधारण १० टक्के, विचलन ३० असेल तर साडेसात. हा अंदाज आहे. नेमका आकडा हवा असेल तर सुरुवातीची आणि शेवटची रक्कम घेऊनच हिशेब करावा.

याच व्याख्यानात उलटी गल्लतही ऐकली. श्रोत्यांतल्या एका तरुणाने योजनेचा सीएजीआर, म्हणजे चक्रवाढ वार्षिक वाढदर, घेतला आणि त्यातून चढउताराची घट पुन्हा वजा केली. तसं करू नये. सीएजीआर पहिल्या आणि शेवटच्या रकमेवरून काढतात, त्यामुळे ती घट त्यात आधीच आलेली असते. एसआयपीत मात्र हप्ते वेगवेगळ्या वेळी जातात. तिथे चढ आधी आला की उतार, यानेही फरक पडतो आणि हिशेब एक्सआयआरआरने, म्हणजे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेल्या वार्षिक दराने, करावा लागतो.

म्युच्युअल फंडांना जाहिरातीत कामगिरी सांगताना सीएजीआर देण्याचं बंधन सेबीने घातलेलं आहे. अडचण होते ती व्याख्यानातल्या पत्रकांत, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांत आणि तोंडी सांगितलेल्या आकड्यांत. अशा वेळी वाचकांनी एकच प्रश्न विचारावा: “पहिल्या दिवशी १ लाख ठेवले असते, तर शेवटच्या दिवशी किती झाले असते?” उत्तर रुपयांत घ्यावं. वर्षवार परतावा छापलेला असेल तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ते स्वतःलाही काढता येतं: १८ टक्के नफ्याला १.१८ ने, १२ टक्के तोट्याला ०.८८ ने, असं एकापुढे एक गुणत जायचं.

आपल्या अंकात गुंतवणूक योजनांचे वर्षवार तक्ते छापताना शेवटच्या ओळीत सरासरीऐवजी १ लाखाचे किती झाले ती रक्कम आणि सीएजीआर द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, कोल्हापूर