चिऊ, तुझ्या त्या उताऱ्याबद्दल

प्रिय चिऊ,

पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही, म्हणजे राग गेलेला नाही हे कळलं. दारात बॅग उचलताना मी "तुला मराठीच येत नाही" म्हणालो ते चुकलंच. पण वहीचं पान माझ्यापुढे तूच टाकलं होतंस, आणि माझी तीस वर्षं कोर्टात लोकांच्या जबान्या नि अर्ज मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करण्यात गेली, तेव्हा माझा हात लाल पेनाकडे जाणारच. ७५ मार्कांबद्दल आज एक अक्षर बोलणार नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

तू म्हणालीस यूपीएससी मेन्समधला मराठीचा तो नुसता क्वालिफाइंग पेपर आहे, ३०० पैकी ७५ तर कोणालाही पडतात, आणि ट्रान्सलेशनचे इंग्रजीतून मराठी २० आणि मराठीतून इंग्रजी २० एवढेच. हिशोब बरोबर आहे. पण ते ७५ नाही आले तर निबंध नि जीएसचे मार्क धरतच नाहीत गं, वर्षभराचं सगळं तिथेच पडून राहतं. बघ, बोललोच.

असो. उताऱ्यावर येतो. तुझ्या पानावरचं वाक्य न घेता त्याच ठशाचं मी एक तयार केलंय. इंग्रजी वाक्य असं: "द फार्मर हू हॅड सोल्ड हिज बुलक्स टु पे द मनीलेंडर वॉज टोल्ड दॅट द लोन हॅड बीन रिपेड लाँग अगो बाय हिज फादर." तुझ्या पद्धतीने ह्याचं असं होईल: "तो शेतकरी ज्याने सावकाराला पैसे देण्यासाठी त्याचे बैल विकले होते, त्याला सांगितले गेले की कर्ज फार पूर्वी त्याच्या वडिलांद्वारे फेडले गेले होते." चूक एकही नाही असं तू म्हणशील, आणि शब्द एकही सुटलेला नाही हे मलाही मान्य. पण मोठ्याने वाच. "त्याचे बैल" म्हणजे कोणाचे, सावकाराचे? इंग्रजीतलं हिज मराठीत "आपले" होतं किंवा गळूनच जातं, शेतकऱ्याने बैल विकले म्हटल्यावर ते त्याचेच असणार.

आता मी केलेलं बघ. "सावकाराचे पैसे देण्यासाठी ज्याने बैल विकले होते, त्या शेतकऱ्याला सांगण्यात आले, की हे कर्ज तुझ्या वडिलांनी फार पूर्वीच फेडले आहे." जो-तो मराठीच आहे, ते टाळायला मी सांगत नाही, पण आपल्याकडे "ज्याने" आधी येतो आणि शेतकरी मागून. "तो शेतकरी ज्याने" म्हटलं की इंग्रजीचा क्रम उघडा पडतो. वॉज टोल्डला "सांगण्यात आले" हे आपलं आहे, कोणी सांगितलं ते इंग्रजीत नाही म्हणून मीही घातलं नाही. पण फेडणारा तर वाक्यात आहे ना, वडील, मग द्वारे कशाला, "वडिलांनी फेडले" म्हणून मोकळं व्हायचं. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला "पोलिसांद्वारे" लिहायचो, साहेबांनी एकदा विचारलं, द्वारे काय, दरवाजातून आले का पोलीस?

पण खरी गोष्ट "की"च्या पुढे आहे, आणि तुझे दोन्हीकडचे मार्क तिथेच जातात. इंग्रजीत टोल्ड भूतकाळात गेलं की पुढचं क्रियापदही एक पायरी मागे सरकतं, हॅज बीनचं हॅड बीन होतं. मराठीत तसं सरकावं लागत नाही. आपण बोलणाऱ्याच्या तोंडचं तसंच ठेवतो, काळही त्याचा नि सर्वनामही त्याचं, म्हणून "तुझ्या वडिलांनी" आणि "फेडले आहे". "त्याच्या" लिहिलंस तर चूक नाही, पण "होते" लिहिलंस की वाचणाऱ्याला वाटतं फेडलं होतं आणि पुन्हा काहीतरी बिनसलं.

आता उलट बाजू. "तो म्हणाला की मी उद्या येतो" ह्याचं तू काय केलं होतंस आठवतंय? "ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो." म्हणजे इंग्रजीत दुसरंच कोणीतरी येतंय! तिथे आय चा ही, विलचं वुड, टुमॉरोचं द नेक्स्ट डे, तिन्ही हलवायचे, "ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे." एक हललं नि दोन राहिले तर अजून वाईट. म्हणून लिहून झालं की "की" आणि "दॅट" तेवढे शोधायचे आणि त्यांच्यापुढचे कर्ता, काळ, वेळ एवढेच तपासायचे. एका उताऱ्याला मिनिटसुद्धा लागत नाही.

अगं मी पुन्हा शिकवायलाच लागलो, सॉरी. आई म्हणते तू पत्र लिहितोस की निकालपत्र.

मला सारखी एक गोष्ट आठवते. तू दुसरीत होतीस, आजीच्या औषधाच्या पाकिटावर "ट्वाइस डेली आफ्टर मील्स" होतं, मी भाषांतरकाराच्या थाटात "भोजनोत्तर दिवसातून दोन वेळा" म्हणालो, आणि तू म्हणालीस, "आजी, दोन्ही वेळा जेवलीस ना, की एकेक घे." आजीने तुझंच ऐकलं. तेव्हा तू शब्द बघत नव्हतीस, समोर आजी होती. आता समोर कोणीच नसतं, नुसता उतारा असतो. इंग्लिश मीडियमचा फॉर्म मी भरला होता, आजीचा नकार असताना, त्यामुळे तुझ्या मराठीला नावं ठेवताना मी खरं तर कोणाला बोलतोय ते मलाही कळतं. पण ७५ ची भीती वाटते गं, काय करू.

जुने पेपर आयोगाच्या साइटवर आहेत पण उत्तरं नाहीत, म्हणून तू कंटाळतेस. त्यावर आमच्याकडची जुनी युक्ती सांगतो. इंग्रजी उतारा मराठीत कर, मूळ पेपर बाजूला ठेव, तीन दिवसांनी फक्त आपल्या मराठीवरून तो परत इंग्रजीत कर आणि मग मूळ काढून शेजारी ठेव. अर्थ जिथे फुटला ती जागा आपोआप दिसते, आणि इंग्रजी उतारा ही फुकटची उत्तरपत्रिका होते. शब्द वेगळे आले तर सोड, मॅन्डेटच्या जागी ऑर्डर आलं तर बिघडत नाही, पण कोणी कोणाला काय केलं ते बदललं तर मराठीत गडबड आहे. अख्खं वाक्यच सुटलेलं मात्र ह्यात कळेलच असं नाही, घाईत एखादी ओळच गळते, म्हणून सुरुवातीला पूर्णविराम मोजून ठेव. एका वाक्याची दोन केलीस तरी चालेल, गाळायचं नाही. तीन तासांत ४० मार्कांच्या वाट्याला २४ मिनिटं येतात, म्हणजे एकेकाला १२, शेवटची आठ मिनिटं उरली म्हणून दोन्ही उरकायचे नाहीत, जे तू त्या टेस्टला केलंस. आणि पेपरात सांगितले, फेडले, गेले. माझ्यासारखं "सांगितलं" नाही, मी फोनवर टाइप करतोय म्हणून असं.

मोठ्या काकांना तुझ्या प्रिलिमचं मी स्वतः फोन करून सांगितलं, तेव्हा ते दोन मिनिटं बोललेच नाहीत. त्या जुन्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच. हे तुला सांगायचं नव्हतं.

बैलांचं वाक्य रविवारी उलट करून बघ आणि फोटो मला पाठव, आईला नको. तुझा चष्मा टीव्हीवरच राहिलाय, बारक्या शनिवारी तिकडे येतोय त्याच्याजवळ देतो.

बाबा