गावची जमीन की शहराची? अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री,

मी तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांची आयकर विवरणपत्रे भरून देतो. परवा एक शेतकरी सातबारा आणि तलाठ्याचा दाखला घेऊन आले. शेत नगरपालिकेच्या हद्दीबाहेर असून हद्दीपासून रस्त्याने ३ किलोमीटरवर आहे, असे त्या दाखल्यात होते. २००८ मध्ये ४ लाखांना घेतलेली ही जमीन त्यांनी ४० लाखांना विकली होती. शेतजमिनीला कर नसतो, असे त्यांना सगळ्यांनी सांगितले होते.

ते अर्धेच खरे आहे. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण दहा हजार किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीतली शेतजमीन शहरी ठरते. हद्दीबाहेरही लोकवस्ती दहा हजारांहून जास्त पण एक लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत ६ आणि त्यापुढे ८ किलोमीटरपर्यंतची जमीन शहरी धरतात. हे अंतर हवाई, म्हणजे सरळ रेषेत मोजायचे, असे २०१३ च्या वित्त कायद्याने ठरवले. त्याआधीच्या व्यवहारांना रस्त्याचेच अंतर लागू राहील, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले आणि २०१५ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळानेही परिपत्रक काढून मान्य केले.

आमच्या नगरपालिकेची लोकवस्ती लाखाच्या आत आहे. मधे ओढा असल्याने रस्ता वळसा घालून जातो. मी उपग्रह नकाशावर रेघ ओढली, तर अंतर १.८ किलोमीटर भरले. नफा ३६ लाख. १२.५ टक्क्यांनी साडेचार लाख कर, उपकर वेगळा. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर कलम ५४ब ची सवलत मिळू शकते, पण पैसे मुलीच्या लग्नात आणि कर्जात गेले होते.

आता तुमच्याकडे गाऱ्हाणे असे की, ही रेघ ओढायची कुठून? माझ्याकडचा हद्दीचा नकाशा झेरॉक्सची झेरॉक्स आहे. रेघ शेताच्या जवळच्या बांधापर्यंत न्यायची की मधोमध, हे कायद्यात लिहिलेले नाही. आमच्यासारख्या प्रकरणात त्या दोनशे मीटरांवर साडेचार लाख अवलंबून असतात.

लोकवस्तीचे कोडे आणखी वेगळे. आकडा घ्यायचा तो आधीच्या प्रसिद्ध जनगणनेचा, म्हणजे इतकी वर्षे २०११ चाच. हद्दवाढ मात्र केव्हाही होते. नवी हद्द शेताच्या दिशेने सरकली की २ किलोमीटरचे वर्तुळही सरकते, आणि शेतकऱ्याला त्याची खबर नसते.

म्हणून दोन मागण्या. प्रत्येक नगरपालिकेची अधिकृत हद्द, तारखेसह, सरकारी नकाशावर ऑनलाइन ठेवावी. आणि गट क्रमांक टाकला की हवाई अंतराचा दाखला मिळावा, जो आयकर अधिकाऱ्यावर बंधनकारक असेल. हा दाखला खरेदीखत नोंदवण्याआधी मिळायला हवा. आमच्या शेतकऱ्याला तो मिळाला असता, तर निदान भाव ठरवताना त्यांनी कर धरला असता.

आपला,
एक कर सल्लागार