पुतण्याचे ऐंशी हजार

मा. संपादक,
स. न.

आपल्या कालच्या अंकातल्या वाणिज्य मार्गदर्शन सदरात आयकराच्या ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षावरचे गणित आणि त्याचे उत्तर छापले आहे. उत्तर देणाऱ्या तज्ज्ञांना माझा नमस्कार. त्यांच्या वर्गात कोणाचे पोर नसावे एवढीच प्रार्थना.

वास्तुशांतीला पुतण्याने काकाला 80,000 रुपये दिले. तज्ज्ञांनी 50,000 माफ करून 30,000 उत्पन्नात धरले. अहो, ती काही वजावट नाही! नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम 50,000 च्या आत असेल तर कर शून्य, एक रुपयाही वर गेला तर सगळीच्या सगळी करपात्र. म्हणजे इथे पुरते 80,000. पुतण्या नातेवाईक नाही का, असे आमचे कास्तकार लोक विचारतील. काकाने पुतण्याला दिले तर आहे, कारण आईवडिलांचे भाऊबहीण व्याख्येत बसतात. उलट दिशेने मात्र भावाचा मुलगा त्या यादीत नाही. सूट मिळते ती स्वतःच्या लग्नातल्या आहेराला, वास्तुशांतीला नाही.

हे इतके तावातावाने लिहितो आहे, कारण माझ्या शिकवणीतल्या एका मुलीने विद्यापीठाच्या परीक्षेत अगदी असेच 80,000 लिहिले आणि परीक्षकाने लाल रेघ मारून ‘सूट विसरली’ असा शेरा दिला. पुनर्मूल्यांकनाची फी भरायला तिच्या वडिलांना कापूस विकला जाईपर्यंत थांबावे लागले, तोवर मुदत संपली. त्या परीक्षकानेही असेच एखादे सदर वाचले असणार.

लॉटरीतही तोच थाट. कर कापून हातात 70,000 आले, म्हणून तज्ज्ञांनी 70,000 च धरले, वर तिकिटाचे 500 खर्च म्हणून वजा केले. कापलेला 30 टक्के कर परत मिळवून बक्षीस 1,00,000 होते. त्यातून तिकिटाचा खर्च वजा होत नाही. कर 30 टक्के, अधिक त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 31,200. 30,000 आधीच कापले गेले, राहिले 1,200. बाकी उत्पन्न कितीही कमी असो, लॉटरीला मूळ करमाफीच्या मर्यादेचा आडोसा मिळत नाही.

गंमत म्हणजे खर्चाची वजावट जिथे खरोखर मिळते, त्या रोख्यांच्या व्याजात तज्ज्ञ ती विसरले. व्याज वसूल करून देणाऱ्या बँकेचे कमिशन गणितात स्पष्ट दिले होते. त्याला हातही लावला नाही.

दुरुस्ती छापा, आणि त्याच पानावर छापा. गेल्या खेपेसारखी निविदांच्या जाहिरातींखाली मुंगीएवढ्या अक्षरांत नको. आणि हो, आमच्या गावी अंक दुपारच्या एसटीने येतो, तरी किंमत सकाळचीच घेता.

आपला,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ